खबरदारीचा तिसरा मुद्दा

गोपीनाथराव टिपणीसांना पूजेतलं सगळं कळतं असा त्यांचा समज होता, आणि जनरल मॅनेजरच्या समजाला कचेरीत कुणी हात लावत नाही. नौपाड्यातल्या त्यांच्या पेजर कंपनीत दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. धंदा तसा साधा. लोकांनी फोन करून निरोप सांगायचा, हॉलमधल्या ऑपरेटर मुलींनी तो टाइप करायचा आणि आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरने तो गिऱ्हाइकाच्या कमरेवरच्या डबीत पोचता करायचा. त्या खोलीला खिडकी नव्हती. एसी मात्र रात्रंदिवस चालू. बाकी कचेरी पंख्याखाली घामाघूम.

त्या वर्षी एसीच्या वाऱ्याने निरांजन विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने एसीचं बटण बंद केलं. आरती झाली, मशीनला झेंडूचा हार चढला, हाराशेजारी उभं राहून साहेबांनी फोटो काढून घेतले. मग सगळे पेढे खायला बाहेर आले आणि दार लागलं. एसी बंदच राहिला.

ऑक्टोबरातलं ठाणं ते. दुपारपर्यंत खोलीची भट्टी झाली आणि मशीन तापून आपोआप बंद पडलं. वेळप्रसंगी कामाला यावं म्हणून दुसरं मशीन घेतलं होतं, ते याच खोलीत, पहिल्याच्या मांडीला मांडी लावून. खोली वाचवायची म्हणून ते तिथे ठेवण्याची अक्कलही साहेबांचीच. तेही गेलं. मुली निरोप कागदावर लिहून घेत राहिल्या आणि फोन करणाऱ्यांना 'हो, पाठवतो' म्हणत राहिल्या, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एसी बिघडला असेल म्हणून चेंदणी कोळीवाड्यातून काळुराम नाखवाला बोलावलं. कचेरीचे एसी सांभाळायचं वर्षाचं कंत्राट त्याच्याकडे होतं. ते एकच मोठं काम, बाकी कोळीवाड्यातले बर्फाचे फ्रीज आणि उधारी. त्याने खोलीत पाऊल टाकलं, भिंतीकडे पाहिलं आणि बटण दाबलं. एसी चालू झाला. मग तो हाराकडे बघत राहिला.

मशीनचं खातं मंजुळा साटमकडे होतं. तिने दार उघडं टाकलं, दोन उभे पंखे लावले, खोली गार होईपर्यंत मशीनला हात लावू दिला नाही, आणि मग ते चालू केलं. साचलेले निरोप संध्याकाळी एकदम सुटले. टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांना 'लगेच या' मिळालं तेव्हा पेशंट दुसऱ्या दवाखान्यात सलाइन लावून पडला होता. कल्याणच्या मासळीवाल्याला 'बर्फ कमी पडतोय' कळलं तेव्हा मासळीला वास सुटला होता.

असं काही घडलं की मशीनच्या खात्याने कचेरीतल्या सगळ्या विभागांना ईमेल धाडायची: काय झालं, का झालं, कसं दुरुस्त केलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. विक्रीवाले, तक्रारवाले, हिशेबवाले या सगळ्यांनी गिऱ्हाइकाला एकच उत्तर द्यावं म्हणून. मंजुळाने दुसऱ्या दिवशी मसुदा केला. 'आरतीसाठी जनरल मॅनेजरांनी एसी बंद केला. नंतर तो चालू करण्याचं त्यांच्याही आणि माझ्याही लक्षात राहिलं नाही.' स्वतःला तिने वगळलं नव्हतं. आपण फोटोत दात काढून उभ्या होतो हे तिला चांगलंच बोचत होतं.

टिपणीसांनी छापील मसुदा वाचला आणि लाल पेन काढलं. देवाच्या कामाला कारण म्हणून लिहायचं म्हणजे अपशकुन, असं त्यांचं म्हणणं. देवाला मध्ये घातलं की स्वतःला मागे उभं राहता येतं, ही युक्ती त्यांना फार पूर्वीपासून अवगत. कारणाचा परिच्छेद त्यांनी स्वतः सांगितला: 'वातानुकूलन यंत्रणेत अचानक तांत्रिक बिघाड झाल्यामुळे सेवा खंडित झाली. संबंधित कंत्राटदार बदलण्याचा विचार सुरू आहे.' वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात माणसाचा हात चांगलाच बसलेला होता.

मंजुळा म्हणाली, "साहेब, नाखवांचा यात काय दोष? एसीला काहीच झालं नव्हतं."

"साटमबाई, कंत्राटदार काय, शंभर मिळतील. जनरल मॅनेजर एक असतो."

शब्द साहेबांचे, पण खाली नाव तिचंच जायचं होतं. तिने विचारलं, पुढचे भाग, दुरुस्ती आणि खबरदारी, ते बघता का. साहेबांनी कागद परत सरकवला. ते सगळं तांत्रिक, ते तुमचं तुम्ही घाला, असं ते म्हणाले आणि दसऱ्याच्या सोन्याची पानं आणायला माणूस धाडायच्या मागे लागले.

मंजुळा जागेवर आली. तिला राग आला होता, साहेबांचा आणि त्यांच्यापुढे नमतं घेतलेल्या स्वतःचाही. काळुरामचं कंत्राट गेलं तर ते तिच्या नावाच्या कागदाने जाणार होतं. कारणाचा परिच्छेद तिने साहेबांनी सांगितला तसाच टाइप केला, काना-मात्रा न बदलता. खाली दुरुस्ती लिहिली: एसीचं बटण चालू केलं, खोली थंड केली, मशीन सुरू केलं, अडकलेले निरोप पाठवले. मग खबरदारी. एक, दुसरं मशीन वेगळ्या खोलीत हलवणं. दोन, खोली तापली की ऑपरेटर हॉलमध्ये घंटा वाजेल अशी सोय. तीन, 'निरांजन विझतं म्हणून यापुढे कुणीही, कोणत्याही हुद्द्याच्या व्यक्तीने, एसी बंद करू नये. पूजा खोलीबाहेर करावी.'

आणि तिने ती ईमेल सगळ्यांना धाडली, मुंबईच्या मुख्य कचेरीसकट.

दुपारच्या चहापर्यंत हिशेबवाले तिसरा मुद्दा एकमेकांना वाचून दाखवत होते. तक्रारवाल्यांनी तो छापून भिंतीला लावला. साहेबांना कळलं ते सर्वात शेवटी, कारण साहेबांची मेल त्यांची सेक्रेटरी उघडायची आणि तिला नोकरी प्यारी होती. ते लालबुंद होऊन मंजुळाच्या टेबलाशी आले. तिने शांतपणे सांगितलं, "साहेब, तांत्रिक भाग आपणच मला घालायला सांगितला होता."

ते तोंड उघडणार तोच मुख्य कचेरीतून संचालक उत्तम पाठारे यांचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. एकच ओळ: 'एसी आपोआप बिघडला असेल, तर खबरदारीत निरांजन कुठून आलं?'

टिपणीसांनी ती ओळ मंजुळाच्या पडद्यावर उभ्यानेच वाचली. मग त्यांनीही सगळ्यांना उत्तर पाठवलं. पूजा बाहेर करण्याची सूचना मुळात माझीच होती, कंत्राटदाराबद्दलचं वाक्य टायपिंगच्या घाईत चुकून आलं, नाखवा यांचं काम समाधानकारक आहे. माणूस पडला तरी नाक वर, म्हणतात ते हे. पुढच्या महिन्यात मंजुळाच्या वार्षिक अहवालात 'वरिष्ठांशी समन्वय कमी' असा शेरा आला. तो तिने वाचला आणि सही केली.

काळुराम कंत्राटाच्या नव्या कागदावर सही करायला आला तेव्हा कचेरीत सगळे त्याच्याकडे बघून हसत होते, आणि त्याला का ते कळेना. एसीच्या कागदाची कुजबुज कानावर आली होती, म्हणून तिच्या टेबलाशी येऊन तो हळूच म्हणाला, "बाय, त्या कागदान माजा नाव हाय कं?"

आधी तुमचं नाव न घेता तुम्हाला काढायला निघाले होते, शेवटी नाव घेऊन काम चांगलं म्हणाले, असं सगळं समजावून सांगावं असं तिला वाटलं. पण त्याचा चेहरा बघून तिने एवढंच सांगितलं, की आहे, चांगलंच लिहिलंय.

काळुरामचा चेहरा उतरला.

"पुसता येल कं?" तो म्हणाला. "आज चांगला लिवलाय. उद्या दोस द्याला कोनाला नाव लागला, तं हाताशी माजाच घावल."