बोटावरचा आकडा

वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि इन्व्हर्टरने काही तासांतच मान टाकली. सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन गप्प. फुप्फुसं थकलेली, नळीवाचून त्यांना धड एक वाक्य बोलवत नाही. मी त्यांना सिलिंडरवर घेतलं, पण त्याचा काटाही सकाळी खाली आला. सिलिंडर भरून देणारा दुकानदार म्हणाला, उद्या बघू. उद्या! माझ्या तोंडात शिवी आली होती.

तेवढ्यात धाकटे दीर जनरेटर घेऊन हजर. "वहिनी, आता काळजी सोडा!"

पाऊस सुरू होता, म्हणून त्यांनी तो मागच्या व्हरांड्यात ठेवला. वर छप्पर, तीन बाजूंनी भिंती. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली करून वायर आत घेतली. मी म्हटलं, "भाऊजी, धूर?" तर म्हणे, "बाहेरच तर आहे!" मशीन पुन्हा घुमू लागलं आणि खरं सांगते, मला रडूच आलं. उरलेला सिलिंडर मी बाजूला ठेवला.

आमच्या घरात "कसं वाटतंय?" असं कुणी विचारत नाही. सगळे सासऱ्यांच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावतात आणि आकडा वाचतात.

दुपारी सासरे म्हणाले, "डोकं ठणकतंय गं. मळमळतंय."

भाऊजींनी चिमटा लावला. "बाबा, त्र्याण्णव! रोजच्यापेक्षा झकास. उगाच कुरकुर करताय."

"बरं," म्हणत सासऱ्यांनी डोळे मिटले. मला राग आला. आकडा चांगला, मग चेहरा असा का? माझंही डोकं मघापासून जड होतं. बघते तर भाऊजी आपलंच कपाळ चोळत होते.

तिघांचं डोकं एकदम? मला ती किलकिली खिडकी आठवली. मशीन खोलीतलीच हवा ओढतं की!

"तो जनरेटर बंद करा! मागून नको, अंगणातून फिरून जा!" मी ओरडले. सासऱ्यांची नळी सिलिंडरला जोडली, त्यांना खुर्चीसकट अंगणात ओढलं आणि भिजत डॉक्टरांना फोन लावला.

"तुम्हीही आत जाऊ नका, ॲम्ब्युलन्स पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "आणि तो आकडा विसरा. धुरातला विषारी वायू रक्तात मिसळला, तरी चिमट्याला तो ऑक्सिजनच वाटतो."

दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा ते खरं निघालं. थोडा उशीर झाला असता तर माणूस हातचा गेला असता.

सासरे घरी आले तेव्हाही वीज नव्हतीच. भाऊजींनी जनरेटर अंगणाच्या पार टोकाला नेला होता, दारं-खिडक्यांपासून लांब, चार बांबूंवर पत्रा टाकून, चारी बाजू मोकळ्या ठेवून. मशीन सुरू झालं आणि सवयीने त्यांनी चिमटा उचलला.

सासऱ्यांनी हात पांघरुणात घेतला. "आधी मला विचार."

भाऊजी खाली बसले. "बाबा," त्यांनी चिमटा मांडीवर ठेवला, "कसं वाटतंय?"

"आता बरं वाटतंय," सासरे म्हणाले आणि बोट पुढे केलं.