शहाण्णव ठिपके

आमच्या ऑफिसातल्या लेझर प्रिंटरला मी जावई म्हणायचे. मान मोठा, काम बेताचं आणि रुसायला निमित्त लागत नाही. साहेब इंजिनीअर, घरांच्या पडझडीचे अहवाल लिहितात. ते टाइप करून, त्यात फोटो बसवून छापायचं काम माझं. म्हणजे रुसवे काढायचेही माझ्याच गळ्यात.

या खेपेचा अहवाल माझ्या काकूच्या घराचा होता. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. तिच्या घराला लागून एक मोठी इमारत होणार म्हणून खड्डा खणत होते आणि काकूच्या भिंतीला भेगा पडत होत्या. साहेब तीन महिन्यांत तीनदा जाऊन आले. प्रत्येक भेगेवर आकडे छापलेली पारदर्शक पट्टी धरून त्यांनी फोटो काढले. पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर, शेवटी दीड. भेग एक मिलिमीटरच्या वर गेली असं सिद्ध झालं, तर सुनावणीत पालिकेच्या अधिकाऱ्यांकडून खोदकाम थांबवण्याचा हुकूम मिळणार होता. नाही झालं, तर खड्डा आणखी दोन मजले खाली जाणार आणि भिंत त्यात.

त्यात एक घोळ काकूनेच करून ठेवला होता. शेवटची पाहणी सोमवारी झाली आणि दुसऱ्याच दिवशी खड्ड्याचा ठेकेदार गवंडी घेऊन दारात हजर.

"आजी, आमच्यामुळे तुम्हाला त्रास नको. फुकट प्लास्टर करून देतो."

काकू विरघळली. वर त्यांना चहा पाजला. कळल्यावर मी डोकं धरून बसले, पण साहेब म्हणाले, "फोटो आहेत ना आपल्याकडे. काळजी करू नका."

फोटो होते, पण फक्त अहवालात. आमच्याकडे कॅमेरा एक आणि पाहणीला जाणारे तिघे. त्यामुळे फोटो अहवालात बसवून फाइल सेव्ह केली, की कार्ड पुसून पुढच्याच्या हातात द्यायचं, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. काकूच्या अहवालाचं कार्डही पुसलं गेलं होतं आणि त्यावर कुठल्याशा गोदामाचे चारशे फोटो चढले होते.

गुरुवारी सकाळी मी छापायला घेतलं. शेहेचाळीस पानं, पानावर चार-चार फोटो. कॅमेरा नवा, एकेक फोटो भलामोठा. मी तो कापून फक्त भेग आणि पट्टी दिसेल एवढाच ठेवला होता, पण कापलेला भाग दिसेनासा होतो, जात नाही. तो फाइलमध्येच दडून राहतो. फाइल तीनशे एमबीच्या घरात गेली होती.

तिसऱ्या पानानंतर जावई थांबला. लाल दिवा लागला आणि एक कागद बाहेर आला. त्यावर छापलं होतं, मेमरी अपुरी. एवढं छापायला मात्र त्याला मेमरी पुरली. लेझर प्रिंटर अख्खं पान आधी स्वतःच्या मेमरीत जुळवतो आणि मगच छापतो. पान त्यात मावलं नाही की अडून बसतो.

एरवी आम्ही पाच-पाच पानं पाठवायचो. आज पाचही जाईनात. दोन-दोन जात होती. शेहेचाळीस पानं, तीन प्रती. साहेब दारात बूट घालत होते.

"अहो, अजून झालं नाही? मला बाराला निघायचंय. सही करून आजच दाखल करून टाकू, उद्यावर नको."

"प्रिंटर नखरे करतोय, साहेब."

"मग फाइल लहान करा. तेही मीच सांगायचं का?"

मी चिडले. चिडून हात चालवले की असंच होतं. फोटो लहान करायची खिडकी उघडली. त्यात बरेच पर्याय असतात. छपाईसाठी इंचाला दोनशेवीस ठिपके, आणि सगळ्यांत तळाला, ईमेलसाठी, शहाण्णव. मी तळाचा निवडला. म्हटलं, करायचंच तर एकदाच करू. सगळ्या फोटोंना लागू केलं, सेव्ह केलं, फाइल बंद केली. तीनशेची चार एमबी झाली. पडद्यावर फोटो होते तसेच दिसत होते. पडद्याला तेवढे ठिपके पुरतात. जावयाने एका दमात तिन्ही प्रती ओकून टाकल्या. साहेबांनी न बघता सह्या ठोकल्या, मला म्हणाले, "बघा, जमलं की नाही," आणि गेले.

दुपारी पानांना भोकं पाडताना मी एकतिसावं पान हातात घेतलं. सगळ्यांत मोठी भेग त्यावर होती. भेगेच्या जागी करडी पुसट रेघ होती, पेन्सिलीने ओढून खोडल्यासारखी. पट्टीवरचे आकडे म्हणजे नुसती कुसळं. फाइल उघडून फोटो मोठा केला, तर चौकोनच चौकोन. मागे फिरायची सोय फाइल बंद करताना गेली होती. दोनशेवीसवर ठेवलं असतं, कापलेले भाग तेवढे काढून टाकले असते, तरी फाइल पार उतरली असती आणि आकडे वाचता आले असते. हे मला माहीत होतं. बारा वर्षं हेच करतेय मी.

पुरावे द्यायची मुदत शुक्रवारी पाचला संपत होती. शुक्रवारचा अख्खा दिवस हातात होता. पण साहेबांना सांगायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, असं मला वाटलं. काकूला सांगायला तोंड नव्हतं. शेजारी तक्त्यात आकडे टाइप केलेले आहेतच, फोटो कोण एवढं निरखून बघतंय, अशी स्वतःची समजूत घातली आणि मूग गिळून तिन्ही प्रती दाखल करून आले.

सुनावणी मंगळवारी झाली. ठेकेदाराच्या वकिलाने एकतिसावं पान अधिकाऱ्यांपुढे धरलं.

"यात भेग किती रुंद आहे, कृपया वाचून दाखवावं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काहीच वाचता येत नाही."

"तक्त्यात दिलंय," साहेब म्हणाले.

"तक्ता तुम्हीच टाइप केलाय," वकील म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मूळ फोटो आणून द्या, आत्ताच्या आत्ता."

"नाहीत," मी म्हणाले.

साहेब उठून म्हणाले, की प्लास्टर काढून भेग प्रत्यक्ष दाखवतो. अधिकारी म्हणाले, "ते शुक्रवारच्या आत करायचं. आता नवा पुरावा घेता येत नाही." माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून त्याने लिहिलं, नुकसान सिद्ध होत नाही. खोदकाम आता थांबणार नव्हतं.

बाहेर बाकावर काकू बसली होती. मी सगळं सांगितलं. ठिपके, फाइल, कार्ड, एकतिसावं पान. तिला निम्मं कळलं नसेल. तिने एवढंच विचारलं, "तुला हे कधी समजलं?"

"गुरुवारी. दुपारी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गुरुवारी सांगायचंस ना गं," ती म्हणाली. "प्लास्टर ओलंच होतं. मी उलथन्यानेसुद्धा खरवडून काढलं असतं."