दोनदा पडलेला शिक्का

कॉलेजच्या वार्षिक अंकाची मी संपादक होते आणि ते मिरवायची एकही संधी सोडत नव्हते. अनुभवावरचा लेख आला की मी दोन हायलायटर घेऊन बसायचे. जे घडलं ते पिवळं, त्यातून लिहिणाऱ्याला काय उमगलं ते हिरवं. हिरवं जास्त हवं, असं अंकाचं काम बघणाऱ्या मॅडमचं म्हणणं. त्या पुढे असंही म्हणायच्या, "लिहिणाऱ्याला प्रश्न विचारा. उत्तरं तुम्ही लिहू नका." ते मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा लेख आला. तिचे वडील आमच्याच लायब्ररीच्या काउंटरवर बसत. पहिल्या दिवशी ती कार्डासाठी रांगेत उभी राहिली. वडिलांनी सगळ्यांना विचारतात तसंच, मान वर न करता विचारलं, "नाव?" तिने पूर्ण नाव सांगितलं, त्यात त्यांचंही आलं. त्यांनी ते लिहून घेतलं. शिक्का मारला, तो दोनदा पडला. मग पुढचा मुलगा आला. चार पानं, सगळी पिवळीधमक.

"यात तू कुठे आहेस?" मी विचारलं.

"रांगेत, ताई."

"तसं नाही गं. तुला काय वाटलं?"

"नीट सांगता येत नाही. विचार करून सांगू का?"

"लाज वाटली असणार. लिही ना मोकळेपणाने."

"नाही, लाज नाही," ती म्हणाली. "चार दिवस द्या."

प्रेसला पानं दोन दिवसांत द्यायची होती. मी कात्री चालवली. रांग, कार्ड, दोनदा पडलेला शिक्का, सगळं वर्णन म्हणून उडवलं. त्या जागी मीच लिहिलं, 'वडिलांची लाज वाटली आणि त्या लाजेचीही लाज वाटली.' असा दीड पानभर मजकूर. लेखिकेने प्रूफ बघून सही करायची असते. तीही मीच ठोकली. अंक आला तेव्हा सगळ्यांनी त्याच लेखाचं कौतुक केलं, आणि मी ते शांतपणे पचवलं.

आठवड्याने मी पुस्तक बदलायला गेले. काउंटरवर अंकांचा गठ्ठा होता आणि काका, म्हणजे तिचे वडील, एकेका प्रतीवर शिक्का मारत होते.

"तुम्हीच संपादक ना?" त्यांनी विचारलं. "चांगलं लिहून घेतलंत पोरीकडून. त्या दिवशी मान वर केली असती तर मला हसू फुटलं असतं, म्हणून केली नाही. हात एवढा थरथरत होता की शिक्का दोनदा पडला. तिला लाज वाटली असेल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

तिथेच सांगायला हवं होतं. माझ्या मागे चार जण उभे होते. मी पुस्तक उचललं आणि चालू पडले. आजही ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

मुलगी मला जिन्यात भेटली. भांडली असती तर बरं झालं असतं. "बाबा आता माझ्यानंतर दहा मिनिटांनी निघतात," ती म्हणाली. "आधी आम्ही एकत्र घरी जायचो. मी लिहिलं नाही म्हटलं, तर म्हणाले, असू दे, खरं लिहिलंस."

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी सुधारणेची चिठ्ठी छापून प्रत्येक अंकात चिकटवायला सांगितलं, आणि आधी मुलीला दाखवायला. मी पानभर लिहिलं: माझा पश्चात्ताप, माझी तगमग, मी काय शिकले. तिने वाचलं आणि माझाच हिरवा हायलायटर वरपासून खालपर्यंत फिरवला.

"ताई, यात घडलं काय, ते कुठंय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरल्या तीन ओळी: 'लाजेची वाक्यं लेखिकेची नाहीत. तिने नाही म्हटल्यावरही ती संपादकाने लिहिली आणि प्रूफवर तिची सही केली. तिच्या मूळ लेखात शिक्का दोनदा पडला, असं होतं.'

पहिली चिठ्ठी मी स्वतः काउंटरवर नेली. कॉलेज सुटलं होतं, ती दप्तर घेऊन दारापाशी उभी होती. काकांनी चिठ्ठी वाचली. शेवटच्या ओळीवर ते थांबले, चष्मा काढून पुसला.

"थांब गं," ते दाराकडे बघून म्हणाले. "कुलूप लावतो, बरोबरच जाऊ."

मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "खाली नुसतं संपादक लिहिलंय." त्यांनी पेन उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते सावकाश लिहून घेतलं आणि लायब्ररीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर मारतात तसा शिक्का मारला. तो एकदाच पडला.