प्रमोदची भरतीची वही

माणसाचं स्वातंत्र्य इतकं पवित्र आहे की ते कोणालाही सहजासहजी हिरावून घेता येत नाही. त्यासाठी दर सहा महिन्यांनी नवा कागद करावा लागतो.

प्रमोद तांबेचा कागद अठरा तारखेला होणार होता. प्रमोद मूळचा रत्नागिरीचा, परदेशातल्या एका बंदरात क्रेन मेकॅनिक. युद्धात शेजारच्या देशाच्या सैन्याने ते बंदर ताब्यात घेतलं आणि सुरक्षेच्या कारणावरून त्याला छावणीत ठेवलं. त्याचं अपील फेटाळलं होतं. आता फेरतपासणी होती.

"पण त्याचा गुन्हा काय?" त्याचे वडील, निवृत्त शिक्षक राजाराम गुरुजी, वकील ऋजुता मराठेंच्या ऑफिसात बसून विचारत होते.

"गुन्हा नाहीच, गुरुजी. म्हणून खटला नाही, शिक्षाही नाही. पुढे त्याच्यापासून धोका होईल, एवढंच त्यांचं म्हणणं."

"म्हणजे चोरी केली असती, तर सुटायची तारीख तरी कळली असती."

"हो. म्हणून तर हे फेरतपासणी मंडळ बसतं. धोका अजून आहे का, तेवढंच बघायचं. नसेल तर सोडावंच लागतं."

धोक्याचं कारण दूतावासाच्या मेलमध्ये होतं : 'सांकेतिक नोंदींची वही.' प्रमोद आधी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. तिथल्या सवयीने तो रोज तिथी आणि भरतीची वेळ लिहायचा. परदेशातही ड्युटी सुटली की जेट्टीवर गरी टाकून बसायचा. 'अष्टमी, भांग' ही नोंद मात्र त्या लष्कराला काही केल्या उलगडेना. भांग म्हणजे मंद भरती, हे त्यांना कोण सांगणार?

"मी सांगितलं की!" गुरुजी म्हणाले. "प्रमोदला पत्र पाठवायच्या रेडक्रॉसच्या फॉर्मवर सगळं लिहून पाठवलं. फॉर्म परत आला. म्हणे, फक्त घरगुती मजकूर लिहा. आता भरतीची वेळ आमच्याकडे घरगुतीच ना?"

"बरं झालं परत आला. छावणीवाले ते फॉर्म वाचतात. बापही वेळा कळवतो, म्हणाले असते."

"बाजारातून बांगडे आणले असते तर?" सून रसिका म्हणाली. "पण नाही. ह्यांना ताजेच हवेत."

मग ऋजुताताईंनी रीतसर काम काढलं. प्रमोदच्या मिरकरवाड्यातल्या नऊ जुन्या वह्या, त्याच्या बोटीचे तांडेल भिकाजी यांचं प्रतिज्ञापत्र, तिथी आणि भरतीचा तक्ता, सगळ्याचं भाषांतर. दूतावासामार्फत ते प्रमोदच्या तिकडच्या वकिलाकडे गेलं. तांडेलांनी तर भांग आणि उधाण यांतला फरक सांगायला सही करण्याआधी अर्धा तास घेतला.

बावीस तारखेला मेल आला. प्रमोदला सोडायचा आदेश झाला होता.

"वही पटली तर त्यांना!" गुरुजी म्हणाले.

ऋजुताताईंनी आदेश पुन्हा वाचला.

"वहीचा उल्लेख नाही, गुरुजी. धोका उरला नाही, एवढंच म्हणतात. गाळ साचल्यामुळे ते बंदर चार महिन्यांपूर्वीच बंद केलंय."