पाव भाकरीचा वाटा

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बाकांवर बसलेले सगळे उमेदवार ओठ हलवत होते. कुणी डोळे मिटून, कुणी छताकडे बघत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं जप चाललाय. पण प्रत्येक जण आपापला परिचय घोकत होता. "माझं नाव अमुक, माझं शिक्षण तमुक, मला अध्यापनाची मनापासून आवड आहे." आवड मनापासून नाही असं म्हणणारा त्या बाकांवर एकही नव्हता.

संयोगिता शेलारही घोकत होती, पण तिचं अर्धं लक्ष मांडीवरच्या रेवाकडे होतं. रेवा आठ महिन्यांची. मेढ्याहून सातारा, साताऱ्याहून सांगली असा एसटीचा प्रवास तिनं शहाण्यासारखा केला होता आणि आता आईच्या पदराचं टोक चघळत होती. शेजारी सासूबाई अंजनाबाई, तिच्या आत्याबाई, पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी. खायची नव्हे, शिकवायची. चौथीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायचा होता, आणि पुठ्ठ्याच्या गोलापेक्षा खरी भाकरी बरी, असं संयोगितानं ठरवलं होतं. अंजनाबाईंनी त्यासाठी चार भाकऱ्या थापून सगळ्यांत गोल ती निवडली होती.

अभियोग्यता परीक्षेच्या गुणांवर संयोगिताचं नाव या अनुदानित शाळेकडे आलं होतं. जागा एक, आलेले दहा. आता जे काय व्हायचं ते वर्गातल्या पाठावर आणि त्यानंतरच्या मुलाखतीवर. नवरा पृथ्वीराज फौजेत, सरहद्दीवर. पुढची परीक्षा सरकार कधी घेईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डी.एड. होऊन घरी बसलेल्या संयोगिताला ही जागा हवी होती. पोटातून हवी होती.

"लेकरू आत्यांकडं दे आणि जरा लांब बसव त्यांना," शिरवळहून आलेली पूजा तिच्या कानाशी लागली. दोघी डी.एड.ला एका वर्गात होत्या. "परिचयात घरचं काही काढू नकोस. मागच्या संस्थेत मला मुलगा आहे म्हणून सांगून बसले. लगेच, दुसऱ्याचा विचार आहे का, घरी कोण सांभाळतं, रजा किती घ्याल. पाठाचं कुणी विचारलंच नाही. ह्यांना बाळंतपणाची रजा दिसते गं, बाई दिसत नाही."

"विचारलं तर?"

"कशाला विचारतील? नाव, गाव, शिक्षण सांगायचं आणि फळ्याकडं वळायचं."

एवढ्यात शिपाई ज्योतिबानं दारातून नाव पुकारलं. संयोगितानं रेवाला सासूबाईंच्या हातात दिलं, पदर नीट केला, पिशवी घेतली.

"निवांत बोल," अंजनाबाई म्हणाल्या. "आमी हितंच हाय."

वर्गात मुलं समोर होती आणि निवड समिती मागच्या बाकांवर. मधोमध मुख्याध्यापिका शालन पाटील, एका बाजूला संस्थेचे सचिव दादासो, दुसऱ्या बाजूला कागद पुढ्यात घेतलेले विषयतज्ज्ञ. चौथीतल्या पोरांच्या बाकांत मोठी माणसं अडकून बसली होती, गुडघे वर आलेले.

"आधी वर्गाला स्वतःचा परिचय करून द्या," शालनबाई म्हणाल्या, "मग पाठ सुरू करा."

"नमस्कार. माझं नाव संयोगिता पृथ्वीराज शेलार." पहिलं वाक्य बाहेर पडलं ते मुलांच्या डोक्यांवरून थेट दादासोंकडे गेलं. "मी जावळी तालुक्यातल्या मेढ्याची. माझं शिक्षण बी.ए., डी.एड. मी टीईटी उत्तीर्ण आहे."

"सगळ्याच झाल्यात," पहिल्या बाकावरचा सम्मेद शेजाऱ्याला म्हणाला. सकाळपासून चौथी खेप होती ही. वर्गाला परिचय पाठ झाला होता.

"मला मुलांना शिकवण्याची मनापासून आवड आहे."

एवढं म्हणून ती फळ्याकडे वळणार, तोच खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर झाला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"बाई, मी चंदना. ते बाहेरचं बाळ तुमचं आहे का?"

मागच्या बाकांवर दादासोंनी पेन थांबवून वर पाहिलं. एवढंच. पण संयोगिताला ते पेन दिसलं, पूजाचं बोलणं आठवलं, आणि तोंडातून शब्द निघून गेला.

"नाही."

"आम्हांला वाटलं तुमचंच. सारखं इकडंच बघतंय."

"नाही," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायची काही गरज नव्हती.

खिडकी उघडी होती. खिडकीशी रेवाला खांद्यावर घेऊन अंजनाबाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी फक्त रेवाचं टोपरं सारखं केलं आणि पाठ फिरवून फाटकाच्या बाजूला चालू लागल्या. रागानं नव्हे. सुनेची अडचण नको म्हणून. ते कळलं आणि संयोगिताचे कान तापले.

तिनं फडकं सोडलं. भाकरी वर धरली तसा वर्ग सरसावला; मघापासूनच्या तक्त्यांना ते कंटाळले होते. तिनं भाकरी मुद्दामच वेडीवाकडी मोडली आणि विचारलं, "हे दोन अर्धे झाले का?"

"न्हाई बाई, ह्यो मोठा हाय," सम्मेद घरच्या भाषेत ओरडला आणि जीभ चावली.

"मग अर्धा कशाला म्हणायचं?"

"दोघांना सारखं मिळालं तर. भांडण नाही झालं तर."

वर्ग हसला. विषयतज्ज्ञही हसले. पाठानं वर्ग धरला होता. फळ्यावर गोल काढला, समान भाग झाले, एक छेद दोन, एक छेद चार. हात आपोआप काम करत होते. आणि मग फाटकाकडून रेवाचं रडणं आलं. आधी बारीक, मग हुंदके देत, भुकेचं.

आईच्या तोंडानं काहीही सांगावं, पण अंगाला खोटं सांगता येत नाही. संयोगिताला पान्हा फुटला. छातीशी ब्लाउज ओला होत गेला तसा तिनं पदर पुढे ओढला, भाकरीचं फडकं त्यावर धरलं आणि एका हातानं फळ्यावर लिहीत राहिली. अक्षर तिरकं झालं. चंदना टक लावून बघत होती. शालनबाईंनी मान खाली घातली. त्यांनाही दिसलं असावं.

रडणं लांब लांब गेलं. अंजनाबाई लेकराला घेऊन रस्त्यापलीकडे गेल्या असणार. आपण नाही म्हटलं म्हणून आत्याबाई ते आपल्या वतीनं खरं करून दाखवताहेत, हे तिच्या मनात आलं आणि हातातला खडू मोडला.

तिनं भाकरीचे सांधे जुळवून टेबलावर गोल मांडला, आणि तो चार सारख्या भागांत केला.

"आता हे पाव पाव भाग कुणाकुणाला द्यायचे?"

"तुमच्या घरच्यांना," सम्मेद म्हणाला. "भाकरी तुमची न्हवं?"

वर्गाला ते पटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. तिनं एक तुकडा उचलला. "हा पाव माझ्या आत्याबाईंचा. हा माझ्या मिस्टरांचा. हा माझा."

चौथा तुकडा हातात राहिला.

"ह्यो कुणाचा?" सम्मेदनं विचारलं.

पाहुण्यांचा, असं म्हणता आलं असतं. वर्ग पुढे गेला असता. संयोगितानं तुकड्याकडे पाहिलं.

"माझ्या मुलीचा," ती म्हणाली. "रेवाचा. तिला अजून दोनच दात आहेत, पण वाटा पावच."

चंदना उभी राहिली. भांडायला नव्हे, तिला हिशेब लागत नव्हता.

"पण बाई, मघाशी तर तुम्ही नाही म्हणालात."

"मघाशी मी खोटं बोलले."

"का?"

"भ्याले."

"कुणाला?"

संयोगितानं नजर हातातल्या तुकड्यावर ठेवली. पण चौथीचा सगळा वर्ग, एकामागून एक, मान वळवून मागच्या बाकांकडे बघू लागला. दादासोंनी कागद चाळायला घेतले. कागद उलटे होते.

"वेळ झाली," विषयतज्ज्ञ म्हणाले.

मुलाखत मुख्याध्यापिकांच्या खोलीत झाली. विषयतज्ज्ञांनी गणितपेटीबद्दल विचारलं, तिनं नीट उत्तर दिलं. मग दादासोंनी घसा साफ केला. "बाई, लेकरू असण्याला आमची काय हरकत नाही. पण, म्हणजे, कुटुंब आता पूर्ण झालंय का अजून..."

"दादासो, हा प्रश्न नको," शालनबाई मध्येच म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुम्ही का भ्यालात ते मला आत्ताच ऐकू आलं. पाठ उत्तम झाला. पण त्या मुलीनं तुम्हांला सरळ विचारलं होतं. परिचय समितीला नव्हता द्यायचा, वर्गाला द्यायचा होता. तिथले गुण मी देऊ शकत नाही."

"नका देऊ, मॅडम," संयोगिता म्हणाली. पूजाचं नाव ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. शब्द पूजाचा नव्हता, स्वतःचा होता.

"निवड संस्था कळवेल. या तुम्ही."

फाटकापाशी परत येऊन ज्योतिबाच्या खोलीच्या पायरीवर अंजनाबाई रेवाला थोपटत बसल्या होत्या. संयोगितानं लेकरू घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पदराखाली लावलं. रेवा हुंदके देत देत प्यायली. मग नुसतीच प्यायली.

"आत्याबाई, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की."

"मी..."

"अगं पिऊ दे तिला आधी." अंजनाबाईंनी पाय सैल सोडले. "ह्यो शिपाई इचारत व्हता, मावशी, कुणाचं लेकरू? म्या म्हटलं, माझंच हाय. ह्या वयात. माझ्या केसाकडं बघून गप झाला बिचारा."

संयोगिताला हसू आलं आणि त्याच्याच पाठीमागून डोळे भरले. "मी सांगितलं शेवटी आत. उशिरा."

"मग नोकरी?"

"काय माहीत."

ज्योतिबा पाण्याचा तांब्या घेऊन आला. दोघींकडे, पदराखालच्या इवल्या पावलांकडे त्याची नजर गेली. अंजनाबाई जरा अवघडल्या. "माझं न्हाई, हिचं हाय हो," त्या म्हणाल्या. "मघाशी उगं बोलले."

"ठावं व्हतं मावशी," ज्योतिबानं तांब्या पायरीवर ठेवला. "आतनं बाईंचा आवाज आला, की पोरगी मान वळवून वर्गाकडं बघायची. दर खेपंला. आत काय चाललंय ते तिला काय ठावं."

तो गेला. संयोगितानं पाणी घेतलं नाही. पदराआडून रेवानं तोंड बाजूला केलं, आईचा चेहरा सापडेपर्यंत वर बघितलं आणि दुधाळ तोंडानं हसली. संयोगिताला तिच्याकडे बघवेना.