पालथा तारा

काळ्या मखमलीवर तीन पदकं मांडलेली होती, मध्ये एक गोल आणि दोन बाजूंना दोन ताऱ्यांच्या आकाराची, आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी टेकवून ठेवली होती. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रतिकृती. नाव नंतर कोरलेले.'

यशोधरानं ती पट्टी वाचली आणि तिच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. तिचे वडील, आनंदराव तायडे, शेजारी उभे होते, हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात करत. काल संध्याकाळी ते एकटेच येऊन यशोधराच्या आजोबांची पदकं देऊन गेले होते. राजेंद्र नगरच्या या सभागृहात 'घराघरातली फौजी पदकं' असं प्रदर्शन आज भरलं होतं, पदकं-नाणी जमवणाऱ्या एका मंडळाचं. दुपारी प्रत्येक घराण्याच्या सैनिकाचं नाव माइकवरून पुकारलं जाणार होतं. फक्त ज्यांची पदकं खरी, त्यांचं.

"पप्पा, तुम्ही काल काही बोलला नाहीत?"

"काल ही पट्टी नव्हती गं. तपासतो म्हणाले, मी म्हटलं तपासा." आनंदराव खाली बघत म्हणाले. "जाऊ दे ना. आपण घेऊन जाऊ घरी. आत्याला फोन कर, म्हणावं प्रोग्राम कॅन्सल झाला."

आत्या म्हणजे मंजुळाबाई, आनंदरावांची थोरली बहीण. महूहून टॅक्सी करून निघालीही होती. बापाचं नाव माइकवर ऐकायचं म्हणून तिनं इस्त्रीची पांढरी साडी काढली होती. तिला हे असं खोटं सांगायचं? यशोधरानं फोन पर्समध्ये टाकला.

"कोणी लिहिलं हे?"

लिहिणारा लांब नव्हता. उदयसिंह, मंडळाचे तपासनीस, पन्नाशीतले, गळ्यात दोरीनं अडकवलेला भिंगाचा डबा, खिशात निळसर टॉर्च. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण त्याला आपल्या ज्ञानाचं फार कौतुक होतं, आणि ते इतरांनीही करावं अशी त्याची अपेक्षा असायची.

"अरे बेटाजी, बुरा मत मानो," ते हसत म्हणाले. "तुमच्या पप्पांनाही काल सांगितलंच असतं, पण भीड पडली. हे बघा." त्यांनी टॉर्च लावला आणि प्रकाश फितींवर धरला. अतिनील उजेडात फितींच्या कडेचे पांढरे धागे निळसर चमकू लागले. "जुनी सुती फीत अशी चमकत नाही. ही आजकालची. बाजारातली."

"फीत नवीच आहे," आनंदराव पुटपुटले. "मीच बदलतो. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी. महूच्या दुकानातून आणतो. बाबासाहेबांच्या जयंतीला बाबांची फीत मळकी नको, म्हणून…"

"तोच तर मुद्दा आहे भिया. फीत गेली, निम्मा पुरावा गेला."

यशोधरा रसायनशास्त्र शिकलेली होती आणि भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये पोरांना शिकवत होती. टॉर्चच्या या प्रयोगाशी तिचं भांडण नव्हतं. धाग्याला पांढरेपणा आणायला जे रसायन वापरतात ते या उजेडात चमकतं, आणि ते तिच्या आजोबांच्या काळातल्या फितीत असणं अवघड. पण यातून सिद्ध काय होतं? फीत नवी आहे, एवढंच. सदऱ्याची बटणं बदलली म्हणून सदरा दुसऱ्याचा होतो का?

"फीत सोडा. 'नाव नंतर कोरलेले' कशावरून?"

"हे तर अगदी सोपं." उदयसिंहांनी मधलं पदक, १९३९-४५चं युद्धपदक, उचललं आणि त्याची कड वर केली. कडेवर इंग्रजीत क्रमांक, मग सिपाही, मग जे. तायडे, मग महार रेजिमेंटचं आखूड नाव. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झिजून पुसट झाले होते. "दुसऱ्या महायुद्धाची पदकं बिनानावाची दिली गेली. सरकारनंच ठरवलं होतं. कोणतीही किताब उघडा. त्यावर नाव आहे म्हणजे नंतर कुणी तरी घातलं. आणि वर घासलंय पण. क्यों घिसा? सवाल तो बनता है ना."

आनंदरावांचा चेहरा पडला. घासलं कुणी, हे त्यांना ठाऊक होतं. दर जयंतीला आई, मग मंजुळा, मग ते स्वतः, पितांबरी लावून पदकं लखलखीत करायचे. प्रेमानं, मान म्हणून. त्या प्रेमानंच बापाच्या क्रमांकाचे आकडे पुसत आणले होते.

"सरकारनं ठरवलं होतं, कुठल्या सरकारनं?" यशोधरानं विचारलं.

"ब्रिटिश सरकारनं. और किसने?"

"आणि हिंदुस्थानी फौजेला तेच लागू होतं, हे त्या किताबात आहे?"

"बेटा, पदक तेच, राजा तोच. नियम वेगळा कशाला असेल?" ते पुन्हा हसले. "गावोगाव असं होतं. घरच्यांची भावना असते, आजोबा फौजेत होते, मग कुणीतरी नाव कोरून आणतं. मी फ्रॉड म्हणत नाही. प्रतिकृती म्हणतो. इज्जत से."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी यशोधराचा संयम सुटला. इज्जतीनं! पाच पिढ्या महूच्या छावणीशी बांधलेलं घर, बर्माच्या जंगलात गेलेला माणूस, आणि इज्जतीनं त्याला खोटा ठरवायचा! तिनं आवाज चढवला नाही. आवाज चढवला की लोक आवाजाबद्दलच बोलतात.

"भिंग द्या," ती म्हणाली.

"हां हां, देख लो." त्यांनी डबा उघडून भिंग दिलं.

तिनं पदक खिडकीकडे नेलं आणि कड उजेडात तिरपी धरली. कोरलेलं अक्षर हत्यारानं धातू कापून काढलेलं असतं. खाच खोल होत जाते, शेवटी केसासारखी शेपटी राहते. हे तसं नव्हतं. एकेक अक्षर एकेका ठशानं ठोकलेलं. तळ सपाट, आणि ठोक्यानं ढकललेला धातू अक्षराच्या कडेला किंचित उचललेला. 'ए' एक केसभर वर, 'डी' जरा खाली. अक्षराच्या तळाशी जुना काळपट थर, तोच जो पदकाच्या खाचाखोचांत होता. कुणी काल-परवा कोरलं असतं तर तळ उघडा, चकचकीत दिसला असता.

"हे ठोकलेलं आहे. कोरलेलं नाही," ती म्हणाली.

"ठोकणारेही मिळतात बाजारात."

म्हणजे ते ऐकणारच नव्हते. यशोधरानं खोलीभर नजर फिरवली. तिला एकच गोष्ट हवी होती: त्याच युद्धाचं, त्याच फौजेतल्या दुसऱ्या कुणाचं पदक. समोरच्या टेबलावर काचेच्या चौकटीत तसंच पदक होतं, जुन्या विटलेल्या फितीसकट. खाली पट्टी: 'मूळ. सुभेदार दिघे यांचे.' मागे खुर्चीवर वसुधा दिघे बसल्या होत्या, निवृत्त शिक्षिका, होळकरांच्या कारभारात कामाला असलेल्या मराठी घराण्यातल्या.

"काकू, तुमचे आजोबा कुठे होते?"

"सासरे गं. रसद पोचवणाऱ्या खात्यात. बर्मालाच."

"पदकाची कड बघू देता?"

"ती चौकट उघडायची नाही हं," उदयसिंह लगबगीनं आले. "फीत नाजूक आहे."

वसुधाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आनंदरावांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे, मग तायड्यांच्या पदकांखालच्या पट्टीकडे. त्यांनी चष्मा लावला, चौकटीच्या मागच्या खिट्ट्या फिरवल्या आणि पदक स्वतःच बाहेर काढलं.

कडेवर ठोकलेली अक्षरं होती. क्रमांक, सुभेदार, दिघे, मग त्यांच्या खात्याची आद्याक्षरं. तोच ठसा, तीच सपाट तळाची अक्षरं, तसेच किंचित वरखाली. यशोधरानं दोन्ही पदकं कडेला कड लावून भिंगाखाली धरली आणि उदयसिंहांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे आमचंही बनावट का हो?" वसुधाबाईंनी विचारलं. प्रश्न अगदी गोड होता.

"नहीं, नहीं! तुमचं तर खानदानी आहे."

"आणि आमचं?" यशोधरा म्हणाली.

खोलीत दोन-चार माणसं थांबून ऐकू लागली होती.

"तुम्ही त्यांची कड पाहिलीच नाहीत," ती म्हणाली. "जुनी फीत बघितली, आडनाव बघितलं, 'मूळ' लिहिलं. आमची नवी फीत बघितली, आडनाव बघितलं, आणि मग नियम आठवला. हिंदुस्थानी फौजेची पदकं नाव ठोकूनच दिली जात होती. नियमच वेगळा होता. हे तुम्हाला या टेबलापासून त्या टेबलापर्यंत चालत गेलात तर कळलं असतं."

"और वो नंबर? अर्धा पुसलेला नंबर कोण मानेल?" उदयसिंहांनी शेवटचं टोक पकडलं.

यावर उत्तर द्यायला यशोधरा नव्हे, आनंदराव पुढे झाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "घासलं आम्हीच. पण समोरून आणि कडेनं. ताऱ्याची पाठ कोण घासतं?"

त्यांनी मखमलीवरचा बर्मा स्टार, बर्माच्या लढाईबद्दल मिळालेला तारा, उचलून पालथा केला. त्याची फीत नवी असली तरी पाठ काळवंडलेली, कित्येक वर्षं कुणाचं बोट न लागलेली. त्यावर ठोकून लिहिलेलं: पूर्ण क्रमांक, शेवटच्या दोन आकड्यांसकट, सिपाही जे. तायडे, महार. दुसरा तारा पालथा केला. तोच क्रमांक. युद्धपदकाच्या कडेवर जे आकडे उरले होते ते सगळे जुळले.

उदयसिंहांनी पट्टीला हात घातला. "ठीक आहे. काढून टाकतो. बात ख़तम."

"काढायची नाही," यशोधरा म्हणाली. "सकाळपासून लोकांनी वाचलीय ती. खोडायची. तुमच्या हातानं, आणि खाली लिहायचं. कोरी पट्टी नको."

"इतना क्या… चूक माणसाकडून होते, बेटा."

"होते ना. मग लिहा."

वसुधाबाईंनी पर्समधून पेन काढून उदयसिंहांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं. 'प्रतिकृती'वर रेघ मारली, 'नाव नंतर कोरलेले'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'मूळ. सिपाही जे. तायडे.' अक्षर वाकडं आलं.

बाहेर टॅक्सी थांबली. मंजुळाबाई काठी टेकत आत आल्या, पांढरी साडी, खांद्याला शबनम पिशवी. टेबलापाशी येताच त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"आनंदा, हे तारे पालथे का ठेवलेस? आणि किती मळलेत मागून!" त्यांनी सवयीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

यशोधरानं हळूच त्यांचं मनगट धरलं. "आत्या, घासू नका."

"अगं, बाबांचं आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आज पालथेच राहतील." तिनं उदयसिंहांच्या हातातलं भिंग घेऊन आत्याच्या डोळ्यापुढे धरलं. "वाचा."

मंजुळाबाई वाकल्या. इंग्रजी त्यांना मोजकंच वाचता येत होतं, पण 'तायडे' वाचता आलं. त्यांनी पदराचं टोक सोडलं आणि ते अक्षर न अक्षर, ओठ हलवत, पुन्हा वाचायला सुरुवात केली. मग त्यांची नजर खाली रेघ मारलेल्या पट्टीवर गेली.

"हे काय खोडलंय?"

आनंदराव तोंड उघडणार, तोच यशोधरा म्हणाली, "ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारा, आत्या. ते इथेच उभे आहेत."