गुरुवारचं चलान

कागदाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. वीज मंडळाच्या भांडारात चौतीस वर्षं काढली, एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आमच्या सोलापुरात लोक गाडीचा विमा संपला की हवालदाराने सांगितल्यावर जागे होतात. माझ्याकडे आरसी, विमा, पीयूसी, सगळं डिजिलॉकरमध्ये आणि शिवाय निळ्या फायलीत. माझी बायको राजमणी म्हणायची, "तुमचा जीवसुद्धा फायलीत लावून ठेवलाव काय?"

अशा माणसाने एकच चूक केली. आमचा मुलगा शिनू, म्हणजे श्रीनिवास, तुळजापूर रस्त्यावर नाक्याच्या पलीकडच्या वळणावर अपघातात गेला. गाडी माझ्या नावावर होती. उजव्या अंगाने ट्रक शिरला होता. समोरच्या काचेला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. पंचनाम्यात लिहिलं होतं, वेग अंदाजे ताशी एकशेवीस. विमा कंपनीने गाडी पूर्ण निकामी ठरवली, एक भंगारवाला आला आणि त्याने दिलेल्या विक्रीच्या फॉर्मवर मी सह्या करून मोकळा झालो. तारखेची जागा कोरी होती. आरटीओला कळवायचं राहिलं. काचेवरचा फास्टॅग बंद करायचा राहिला. तेव्हा मला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, टॅग कुठला आठवतोय!

दीड वर्षाने, एका गुरुवारी सकाळी, मी इडली खात असताना मोबाईल वाजला. टोलचा मेसेज. गाडीचा नंबर शिनूच्या गाडीचा. तुळजापूर रस्त्यावरचा नाका, वेळ सकाळी आठ वाजून सहा मिनिटं. दुपारी अडीचला दुसरा मेसेज आला, परतीचा.

दोन्ही मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचले. नंतर डोकं चाललं. भंगारवाल्याने गाडी ठोकून-ठाकून सरळ केली असणार आणि कुणाच्या तरी गळ्यात मारली असणार. असं सर्रास चालतं. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकला. मालक म्हणून माझंच नाव. पीयूसी नुकतीच काढलेली, सहा महिने पुढची. मी काढली नव्हती.

त्याच दिवशी टॅग बंद करायला हवा होता. राजमणीने करू दिला नाही. ती मेसेज वाचायची आणि देवापाशी जाऊन बसायची. शिल्लक संपत आली की माझ्या फोनवरून दोनशे रुपये भरायची. "शिनू नाक्यावर पोचला," म्हणायची. मी चिडायचो. पण मेसेज सोमवारी आणि गुरुवारी यायचे, आणि त्या दिवशी सकाळी आठ वाजता फोन हातात घेऊन मीच बसलेला असायचो.

मग पाचव्या महिन्यात चलानं सुरू झाली.

पहिलं आलं तेव्हा वाटलं, चला, आता फोटो मिळेल. लिंक उघडली. वेगमर्यादा ओलांडली, ताशी एकशेचार. जागा: नाक्याच्या पलीकडचं वळण. किलोमीटरचा आकडा मला वाचावा लागला नाही, तो मला पाठ आहे. अपघातानंतर तिथे कॅमेरा बसवला होता. वेळ: अकरा एक्केचाळीस. फोटोत मी फक्त नंबरप्लेट बघितली. काचेच्या आत बघवलं नाही. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं बघायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी एकशेआठ. तिसऱ्या गुरुवारी एकशेतेरा. चौथ्या गुरुवारी एकशेअठरा. जागा तीच, वेळ तीच. चारही मी भरली. आणि चौथं भरताना अंगावर काटा आला, कारण पुढचा आकडा पंचनाम्यातला एकशेवीस असणार हे मला दिसत होतं.

वेळेचा मेळ मात्र बसत नव्हता. टोलचे मेसेज खरे मानले, तर आठला नाका ओलांडून सोलापुरात आलेली गाडी अडीचला परत जात होती. मग अकरा एक्केचाळीसला ती नाक्याच्या पलीकडे कशी? मी स्वतःची समजूत घातली की टोल चुकवायला गावातून कच्चा रस्ता असतो, गाडी चालवणारं पोरगं मध्येच भटकून येत असेल. काहीही असो, ते पोरगं त्या वळणावर मरणार होतं. माझ्या नावावरच्या गाडीत. ही जबाबदारी कायद्याने माझी होतीच, पण कायद्याचं मला काही पडलं नव्हतं. एका घरात जे झालं ते दुसऱ्या घरात होताना मोबाईलवर बघत बसणं माझ्याने होईना.

त्याला गाठायचं कसं? मालकाच्या जागी माझं नाव, त्याचं नाव कुठेच नाही. बुधवारी दुपारी सुचलं. टॅग माझा आहे. माझा टॅग मी बंद केला, तर नाक्यावर दांडा वर जाणार नाही. गाडी थांबेल.

राजमणीने माझा हात धरला. "नका ओ बंद करू. पोरगं नाक्यावर अडकंल."

"अडकावं म्हणूनच करालोय," मी म्हणालो, आणि जरा जोरात म्हणालो. ती आत गेली. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कारण विचारलं होतं. 'वाहन विकले' निवडलं. बंद केलेला टॅग पुन्हा चालू होत नाही, असंही खाली लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला मी निळी फाइल घेऊन नाक्यावर उभा होतो. फायलीत नवे फॉर्म होते, तारखेसकट सह्या केलेले. बरोबर आठ वाजून पाच मिनिटांनी ती आली. पांढरी, उजव्या दारांचा रंग किंचित वेगळा. रांगेतून पुढे सरकली आणि दिवा लाल झाला. दांडा जागचा हलला नाही. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला.

"टॅग काळ्या यादीत गेलाय," बूथमधली मुलगी सांगत होती. "रोख दिले तर दुप्पट, यूपीआयनं दिले तर सव्वापट."

"सोमवारपर्यंत चालालता की ओ ताई!" आत पंचविशीतला एक पोरगा. बेल्ट लावलेला. मागच्या सीटवर उशीला टेकून बसलेली म्हातारी, चेहरा सुजलेला.

त्याने पैसे भरले, गाडी बाजूला घेतली आणि मी काचेवर टकटक केली. "ही गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हणालो.

तो घाबरला. "गड्डमकाका का तुम्ही? आरसीवर नाव बघितलंय मी. काका, डीलर म्हणला महिन्यात नावावर होईल. सहा महिने झाले, फोनच उचलंना. म्या चोरी न्हाई केली."

"चोरीचं कोण म्हणतंय? खाली उतर, बोलायचंय."

मागून म्हातारी म्हणाली, "बालाजी, डायलिसिसच्या मशीनवर नऊला घेत्यात. नंतर नंबर जातोय बाबा. ह्यांला बी घे गाडीत, वाटंनं बोला."

माझं पाऊल उचलेना. त्या गाडीत मी पुन्हा कधी बसेन असं वाटलं नव्हतं. बालाजीने डावं दार उघडलं. डाव्या सीटचा बेल्ट रिकामाच अडकवलेला होता.

"न्हाई अडकवला तर बोंबलतंय," तो म्हणाला. "सीटवर कोणी नसलं तरी टूं टूं टूं. मेस्तरी म्हणला वायर बिघडलीय."

मी बसलो. तो चाळीस-पन्नासच्या वर जाईना. ट्रक, टेम्पो, सगळे मागे टाकून जात होते. मी म्हणालो, "आता बरा हळू चालवतोस."

"हळू?" म्हातारी हसली. "बैलगाडी परवडली. मला गरगरतंय म्हणून कदी जोरात न्हेलीच न्हाई ह्यानं. गावात पोरं चिडवत्यात त्याला."

मला राग आला. आईदेखत किती साळसूद! दवाखान्याच्या आवारात गाडी लावली, म्हातारीला आत नेऊन मशीनवर घातलं, आणि आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. गाडी समोर, दहा पावलांवर. त्याने चहा आणला. मी फोन काढला.

"हे बघ. चार चलानं. दर गुरुवारी तिथं जाऊन एकशेअठराने पळवतोस. त्याच वळणावर माझा मुलगा गेला, ह्याच गाडीत. तुझी आई इथं मशीनवर आणि तू तिकडं? तुला काही झालं तर तिला दवाखान्यात कोण आणणार रे?"

बालाजीने चारही चलानं वाचली. सावकाश, ओठ हलवत. मग त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझा आवाज खाली आला.

"काका, अकरा एक्केचाळीसला मी हितं असतो. आई मशीनवर असती तंवर हितनं उठता येत न्हाई, कवा बी हाक मारत्यात. गाडी हितंच असती. वॉचमनला इचारा."

वॉचमनला विचारलं. त्याने वही काढली. चारही गुरुवार. आत यायची वेळ नऊच्या आसपास, बाहेर जायची दोननंतर. मी वहीच्या पानांची तारीख, सही, खाडाखोड सगळं तपासलं. सवयच आहे. वहीत काही खोट नव्हती.

"कोणीतरी तुमचा नंबर दुसऱ्या गाडीला लावलाय बघा," बालाजी म्हणाला. "आजकाल लई चाललंय. अ‍ॅपात तक्रार टाका, ही गाडी माझी न्हाई म्हणा. फोटो हायेच की पुरावा." त्याने बोलता बोलता फोटोवर दोन बोटं ठेवली आणि मोठा केला.

"नको," मी म्हणालो. "मोठा करू नको."

पण झाला होता. "ह्यात दारांचा रंग तर बाकी गाडीसारखाच हाय," तो पुटपुटला. "का बरं? पण ह्यो दुरुस्तीच्या आधीचा..." तो थांबला. काचेच्या आत काय आहे ते बघत राहिला. बराच वेळ. मग फोटोकडून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा फोटोकडे.

"काका, चौकडीचा शर्ट होता का त्याचा?"

मी फोन हातात घेतला. बघितलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. समोर गाडी उभी होती. बॉनेटवर भिंतीची सावली होती, बालाजीने जाऊन हात ठेवला, गार आहे म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले. आम्ही दोघेही गाडीकडे बघत होतो. एक्केचाळीस झाले. आतून, बंद गाडीतून, टूं टूं टूं ऐकू आलं. मोजून तीन-चार वेळा. मग थांबलं. बालाजीने माझा दंड घट्ट धरला.

"काका, टाका ओ तक्रार," तो कुजबुजला. "कारणात लिव्हा, गाडी माझी न्हाई."

"गाडी माझीच आहे," मी म्हणालो. "चालवणाराही माझाच आहे."

बालाजीने माझा दंड सोडला. त्याची नजर माझ्या मांडीवरच्या निळ्या फायलीवर गेली. फॉर्मची टोकं बाहेर आली होती. "माझ्या नावावर करायचे कागद हाईत का हे?" त्याने भीत भीत विचारलं. "आज सही दिली तर मी उद्याच आरटीओला..."

मालकाचं नाव बदललं की मोबाईल नंबरही बदलतो. पुढची चलानं त्याच्या फोनवर जातील. चौतीस वर्षांत मी कुणाचा कागद अडवून ठेवला नव्हता. आणि ह्या पोराचा हक्काचा कागद होता, आई मशीनवर होती, उद्या कुणी पोलिसाने अडवलं तर त्याचे हाल होते. हे सगळं मला कळत होतं.

आजचं चलान आणि त्यातला फोटो यायला एक-दोन दिवस लागणार होते.

मी फॉर्म आत सारले आणि फायलीची नाडी बांधली.

"आज नाही," मी म्हणालो. "पुढच्या गुरुवारी बघू."